कुंडीतल्या पुदिन्याला मधोमध टक्कल का पडतं?

गॅलरीतली पुदिन्याची कुंडी दोन वर्षांत हमखास अशी दिसू लागते: मधोमध काटक्या, त्यांना चिमुकली पानं, आणि हिरवागार पुदिना फक्त काठाला. पाणी घातलं की दोन मिनिटांत खालून बाहेर. आपण म्हणतो, झाड थकलं, आणि वरून खत टाकतो. खताने काठ आणखी दाट होतो. मधलं टक्कल जसंच्या तसं.

याचं कारण पुदिन्याच्या चालीत आहे. त्याचं एक खोड वर वाढतं, तर बाकीची मातीवरून किंवा मातीखालून आडवी पळतात. मातीखालची ही पांढरी दोरी पाहून बहुतेकांना मूळ वाटतं, पण ते खोडच असतं. ओळखायची खूण सोपी आहे. उसासारखी त्याला पेरं असतात आणि प्रत्येक पेराच्या सांध्यावर डोळा असतो. मुळावर असे डोळे नसतात. पुदिन्याच्या सांध्यावर डोळे दोन, समोरासमोर. तिथूनच खाली मुळ्या फुटतात आणि वर कोंब येतो. मोकळ्या जमिनीत हे खोड पुढे पळत राहतं, नवी माती धरतं आणि मागचा जुना भाग लाकडासारखा होऊन वाळतो. म्हणजे मधला पुदिना मरण्याआधीच त्याचं बिऱ्हाड पुढे गेलेलं असतं. कुंडीत पुढे जागाच नाही, म्हणून सगळी बिऱ्हाडं भिंतीला येऊन थटतात.

माझी बारा इंची कुंडी मी फेब्रुवारीत उपडी केली. आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी दिलं होतं आणि फांद्या दोन-दोन बोटं ठेवून छाटल्या होत्या, तरी गड्डा सुटेना; शेवटी कडेने सुरी फिरवावी लागली. बाहेर आला तो कुंडीच्याच आकाराचा मुळ्यांचा साचा. भिंतीलगत पांढऱ्या दोऱ्यांचे दोन वेढे, आणि एक दोरी तर तळाच्या भोकातून निघून शेजारच्या पानओव्याच्या कुंडीत शिरलेली. (पानओव्यात पुदिना उगवला तेव्हा मी बिचाऱ्या पक्ष्यांवर संशय घेतला होता.) मधला गोळा इतका घट्ट होता की आदल्या दिवशीचं पाणी आत पोचलंच नव्हतं. ते कडेच्या फटीतून निसटलं होतं. पाणी लगेच खाली येणं म्हणजे निचरा चांगला, असं मी वर्षभर समजत होते.

आता निवड. साधारणपणे आपण गड्ड्याचे चार भाग करतो आणि चार कुंड्यांत बसवतो. त्यात प्रत्येक वाट्याला मधलं जुनं लाकूड येतं. त्यापेक्षा मधला गोळा सरळ बाजूला काढावा आणि काठाच्या दोऱ्या घ्याव्यात. तपकिरी, पोकळ, दाबल्यावर चपटी होणारी नको. पांढरी, रसरशीत, वाकवल्यावर कट्कन मोडणारी हवी.

या दोऱ्या लांबच्या लांब पुरू नयेत. टोकाकडचा शेंडा ऑक्सिन नावाचं संप्रेरक बनवतो आणि ते मागे उतरत राहतं, म्हणून मागचे डोळे झोपलेले राहतात. तुकडे केले की शेंड्याचा हा धाक संपतो. उसाची टिपरी करण्यामागचं एक कारण हेच. मी एक हातभर दोरी अख्खी पुरली आणि बाकीच्यांचे बोटभर, तीन-तीन सांध्यांचे तुकडे केले. दोन आठवड्यांत तुकड्यांवर जागोजागी कोंब आले. अख्ख्या दोरीने मुख्यतः टोकालाच मान वर काढली.

लावणीत अवघड काही नाही. कुंडी खोल असण्यापेक्षा पसरट असावी. माती दोन भाग, गांडूळखत एक भाग, कोकोपीट एक भाग. तुकडे आडवे, चार बोटं अंतरावर, वर इंचभर माती. कोंब येईपर्यंत सावली आणि ओल, पण चिखल नको. एप्रिल-मेच्या उन्हात हा उद्योग करू नये. फेब्रुवारी किंवा पाऊस ओसरल्यावरचा ऑक्टोबर बरा. कुंडीखाली विटा ठेवल्या तर भोकातून निघालेली दोरी वेळेवर दिसते.

एका बाबतीत मात्र विभागणी करूच नये. पानांच्या मागे नारिंगी पूड दिसली तर तो तांबेरा. ही बुरशी आडव्या खोडांतही टिकते, त्यामुळे तुकड्यांबरोबर रोगही वाटला जातो. अशी कुंडी मातीसकट टाकावी आणि बाजारातल्या जुडीतल्या चार जाड काड्या पाण्यात ठेवाव्यात. खालची पानं काढलेल्या सांध्यांना आठ-दहा दिवसांत मुळ्या फुटतात.

काढून टाकलेला मधला गोळा मी कंपोस्टच्या बादलीत टाकला होता. पंधरा दिवसांनी बादलीतून पुदिना वर आला. गोळ्याच्या कडेला एक पांढरी दोरी राहून गेली होती.