पेमेंट फेल होण्याचं प्रमाण: सेटलमेंट फाइलपासून नियंत्रण-आलेखापर्यंत

ऑनलाइन पेमेंट अडकत असल्याचं वित्त विभागाला पूर्वी दुसऱ्या दिवशी कळायचं. ग्राहक आणि बँकांमधला दुवा असलेल्या पेमेंट गेटवेकडून जमा रकमांची यादी, म्हणजे सेटलमेंट फाइल यायची, ती ऑर्डरशी ताडून बघितली जायची आणि बेरीज कमी भरली की शोधाशोध सुरू. पण त्या फाइलमध्ये यशस्वी व्यवहारच असतात. जी विक्री झालीच नाही, तिचा मागमूस तिथे कसा लागणार?

तांत्रिक टीमकडे सर्व्हरवर नजर ठेवणारी साधनं होती, तरी त्यांनाही हे दिसत नसे. कार्ड नाकारलं गेलं तरी बहुतेक वेळा गेटवे तांत्रिकदृष्ट्या व्यवस्थित उत्तर देतो. नकार त्या उत्तराच्या आत, कोडमध्ये असतो. या कोडचं मूळ कार्ड व्यवहारांच्या संदेशांसाठी असलेल्या १९८७ च्या `ISO 8583` या मानकात आहे. `51` म्हणजे खात्यात पैसे नाहीत, `91` म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेची यंत्रणा उपलब्ध नाही. पहिला ग्राहकाचा प्रश्न, दुसरा यंत्रणेचा. दोन्हींची एकच टक्केवारी काढली की पगाराआधीच्या दिवसांत `51` वाढतात आणि उगाच धावपळ होते.

मग कोडनुसार मोजणी आली, आणि तिच्यामागोमाग ठरावीक मर्यादा: 'फेल १० टक्क्यांवर गेले की ईमेल'. हे अलर्ट रात्री सारखे वाजत आणि लोक ते न वाचताच बाजूला सारत. दोष मर्यादेच्या आकड्यात नव्हता, रात्रीच्या तुटपुंज्या व्यवहारांत होता: दोन-चार फेल झाले तरी टक्केवारी उसळते.

याचं उत्तर मात्र फार जुनं निघालं. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये कारखान्यातल्या सदोष मालासाठी नियंत्रण-आलेख मांडला. नेहमीचा चढउतार कुठे संपतो आणि बिघाड कुठे सुरू होतो, ती मर्यादा त्यावर आखलेली असते. नमुना लहान असेल तर मर्यादा सैल, मोठा असेल तर घट्ट:

```
limit = p + 3 * sqrt(p * (1 - p) / n)
```

इथे `p` म्हणजे नेहमीचं फेल प्रमाण आणि `n` म्हणजे व्यवहारांची संख्या. समजा `p` ८ टक्के आहे. पहाटे पाच मिनिटांत ४० व्यवहार झाले तर मर्यादा साधारण २१ टक्के येते. त्यातले ६ फेल झाले, म्हणजे १५ टक्के, तरी कुणाला उठवायचं कारण नाही. दुपारी तेवढ्याच वेळात ४,००० व्यवहार असतील तर मर्यादा ९.३ टक्क्यांवर येते, आणि ४०० फेल, म्हणजे फक्त १० टक्के, हा खरा बिघाड असतो. पहाटेच्या १५ टक्क्यांपेक्षा दुपारचे १० टक्के जास्त गंभीर, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही.

हे सूत्र प्रत्येक प्रयत्न स्वतंत्र आहे असं गृहीत धरतं. चिडलेला ग्राहक तेच कार्ड चारदा चालवतो, तेव्हा ते गृहीतक मोडतं. म्हणून मोजणी प्रयत्नांची न करता ऑर्डरची करावी लागते.

वित्त विभागाला जाणारा अलर्ट यातूनच वेगळा झाला. टक्केवारीऐवजी त्यांना अडकलेली रक्कम, गेटवे आणि बिघाडाची सुरुवातीची वेळ हवी असते. टाइमआउट झालेले व्यवहारही वेगळे दाखवावे लागतात: त्यांत ग्राहकाचे पैसे कापले गेले की नाही हे तेव्हा माहीत नसतं, त्यामुळे गेटवेकडून अंतिम स्थिती कळेपर्यंत ना विक्री धरता येते, ना रिफंड देता येतो.