अचूक अवतरण (ड्रोनचे, खूणटॅगच्या आधारे)

अचूक अवतरण : ड्रोनच्या पोटाखाली, खालच्या दिशेला रोखून बसवलेल्या कॅमेऱ्याने जमिनीवरचा सांकेतिक टॅग ओळखून ड्रोनला नेमक्या त्या टॅगवर उतरवण्याची पद्धती. साध्या उपग्रह-स्थाननिर्धारणात काही मीटरांची चूक सहज राहते. चार्जिंगच्या फलकावर किंवा पेटीच्या झाकणावर उतरायचे असेल तर ती चूक काही सेंटिमीटरांपर्यंत खाली आणावी लागते. उपग्रहांच्या साह्याने ड्रोन टॅगच्या आसपास पोचतो आणि शेवटचे सुमारे दहा मीटर कॅमेऱ्याच्या भरवशावर उतरतो.

पूर्वपीठिका : या पद्धतीचा उगम दोन वेगवेगळ्या परंपरांत दाखवला जातो. एक परंपरा मानवरहित हेलिकॉप्टरांची. बर्कली येथे शार्प, शाकेर्निया व सास्त्री यांनी २००१ मध्ये ठरावीक मांडणीच्या चौकोनांचा फलक वापरून हेलिकॉप्टरची सापेक्ष स्थिती काढली. त्याच सुमारास दक्षिण कॅलिफोर्नियात सारीपल्ली, माँटगोमेरी व सुखात्मे यांनी हेलिपॅडवरचे H हे अक्षर आकाराच्या गणिती लक्षणांवरून ओळखून हेलिकॉप्टर उतरवले (२००२–०३). दुसरी परंपरा संवर्धित वास्तवाची, म्हणजे खऱ्या दृश्यावर संगणकी चित्रे बसवण्याच्या तंत्राची. तिच्यात काटो व बिलिंगहर्स्ट यांचे एआरटूलकिट (१९९९), फियाला यांचा एआरटॅग (२००५), ओल्सन यांचा एप्रिलटॅग (२०११) आणि कोर्डोबा विद्यापीठातील गटाचा अरुको (२०१४) असे टॅग क्रमाने आले. काही अभ्यासक पहिल्या परंपरेला मूळ मानतात, काही दुसरीला. तथापि चौकोनाच्या कोपऱ्यांवरून स्थिती काढण्याची भूमिती दोन्हीकडे आधीपासून होती. आजच्या पद्धतीचा वेगळेपणा टॅगमधल्या चूक ओळखणाऱ्या संकेतात आहे, आणि तो दुसऱ्या परंपरेतून आला. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

टॅगची घडण : सर्वाधिक वापरातल्या `tag36h11` या कुळात ६ × ६ अशा ३६ काळ्या-पांढऱ्या घरांचा संकेत असतो. त्याभोवती एका घराची काळी चौकट आणि तिच्याबाहेर एका घराची पांढरी किनार असते. या कुळात ५८७ टॅग आहेत. त्यांतला कोणताही टॅग कसाही फिरवला तरी दुसऱ्या टॅगपासून निदान ११ घरांनी वेगळा राहतो, म्हणून सावलीमुळे एखाददुसरे घर चुकीचे वाचले गेले तरी ओळख बिघडत नाही. कमी घरांचे टॅग दुरून लवकर दिसतात, पण फरशीच्या नक्षीत किंवा गवतात नसलेला टॅग ‘दिसण्याचा’ धोकाही त्यांच्यात जास्त असतो. अवतरणासाठी हा धोका मोठा आहे, कारण खोट्या टॅगच्या मागे ड्रोन खरोखरच जातो.

छपाईत पांढरी किनार कापून टाकू नये. कॅमेरा आधी काळ्या चौकटीची कड शोधतो आणि काळ्या जमिनीवर किनारीवाचून ती कड सापडत नाही. टॅगची बाजू मोजताना मात्र काळ्या चौकटीपुरतीच मोजायची असते. किनारीसह मोजल्यास बाजू आठ घरांऐवजी दहा घरांची धरली जाते आणि कॅमेऱ्याने काढलेली उंची खऱ्यापेक्षा २५ टक्क्यांनी जास्त येते.

अंतर, दिशा आणि कल : एका टॅगवरून तीन गोष्टी काढता येतात: तो किती दूर आहे, कोणत्या दिशेला आहे आणि कॅमेऱ्याच्या संदर्भात किती कललेला आहे. या तिन्हींची विश्वासार्हता सारखी नसते. पद्धतीतील बहुतेक अपयशांचे मूळ या फरकात आहे, म्हणून तो एका उदाहरणाने सविस्तर पाहणे इष्ट.

६४० × ४८० पिक्सेलांचा, आडवे दृष्टिक्षेत्र ६० अंश असलेला कॅमेरा घेऊ. त्याचे नाभीय अंतर सुमारे ५५४ पिक्सेल येते. टॅगची काळी चौकट ४० सेंमी. प्रतिमेतील टॅगची रुंदी p, चौकटीची बाजू S व नाभीय अंतर f असेल, तर उंची

```
Z = f·S / p
```

१० मीटरांवरून हा टॅग सुमारे २२ पिक्सेल रुंद दिसतो, म्हणजे एका घराला पावणेतीन पिक्सेल मिळतात. वाचनाची ही जवळजवळ शेवटची मर्यादा आहे. या उंचीवर टॅगचा मध्य एका पिक्सेलने चुकला तर आडव्या स्थितीत १.८ सेंमीची चूक होते. रुंदी एका पिक्सेलने चुकली तर उंचीत जवळजवळ अर्ध्या मीटरची चूक होते. दिशा चांगली कळते, अंतर बेताचेच कळते.

कलाची अवस्था याहून वाईट. टॅग कॅमेऱ्याच्या संदर्भात १० अंश कलला, तर त्याची जवळची आणि दूरची कड यांच्या लांबीत १० मीटरांवरून ०.१५ पिक्सेलांचाच फरक पडतो. कलामुळे टॅग आखूड दिसतो तोही फक्त एक तृतीयांश पिक्सेलाने. कोपरे ओळखण्यातली नेहमीची चूक एवढी असतेच. शिवाय दुरून पाहिलेल्या सपाट चौकोनाच्या बाबतीत दोन उत्तरे जवळजवळ सारखीच बसतात: तो या बाजूला कललेला असेल किंवा तितकाच त्या बाजूला. श्वाइगहोफर व पिन्झ (२००६) आणि कॉलिन्स व बार्तोली (२०१४) यांनी ही द्विधा तपशीलवार मांडली आहे. ओपनसीव्ही या संगणकीय संचातील `SOLVEPNP_IPPE_SQUARE` ही रीत म्हणूनच दोन्ही उत्तरे काढते.

याचा उतरण्याशी थेट संबंध आहे. नवीन माणूस बहुधा टॅगची पूर्ण स्थिती काढतो आणि ती उलटवून ‘टॅगवरून पाहता ड्रोन कुठे आहे’ हे ठरवतो. या उलटवण्यात कलाची चूक उंचीने गुणली जाते. १० मीटरांवर कल १० अंशांनी चुकला की ड्रोनचे स्थान १.७ मीटरांनी सरकते. उत्तर एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला उडी मारू लागले, की ड्रोन हवेत एकदम इकडून तिकडे ओढला जातो. नोंदवहीत आडवी स्थिती दोन ठरावीक किमतींमध्ये उड्या मारताना दिसली, तर कारण हेच समजावे.

म्हणून कल टॅगकडून घेऊ नये. टॅगकडून फक्त दिशा घ्यावी, ड्रोनचा कल त्याच्या स्वतःच्या जायरो व त्वरणमापकांकडून घ्यावा आणि शक्यतो उंची खाली रोखलेल्या अंतरमापकाकडून घ्यावी. मॅव्हलिंक या ड्रोनच्या संदेशपद्धतीतील `LANDING_TARGET` या संदेशात कोनांची दोन घरे आहेत ती याचसाठी. समजा ड्रोन बरोबर टॅगच्या वर आहे, पण वाऱ्याला तोंड देण्यासाठी ८ अंश कललेला आहे. कॅमेऱ्याला टॅग मध्यापासून ७८ पिक्सेल दूर दिसेल. हा सगळा सरकाव कलाचा आहे. तो वजा केला की टॅग बरोबर पायाखाली निघतो, ड्रोनला कुठेही जायची गरज नसते.

विलंब : हे वजा करताना प्रतिमा टिपली त्याच क्षणीचा कल वापरावा लागतो. प्रतिमा मिळवून टॅग शोधेपर्यंत एखाद्या छोट्या संगणकाला ०.१ सेकंद लागला आणि वाऱ्याच्या झोतात ड्रोन सेकंदाला ३० अंश वेगाने कलत असला, तर ३ अंशांचा फरक पडतो. १० मीटरांवर तो अर्ध्या मीटरचा होतो. ड्रोन ती खोटी चूक सुधारायला कलतो, त्यातून नवी खोटी चूक निर्माण होते आणि तो टॅगवर झोके घेऊ लागतो. आर्डूपायलट या उड्डाण-नियंत्रक प्रणालीत `PLND_LAG` ही किंमत या विलंबासाठीच आहे. ती दिली की जुन्या क्षणाचा कल साठवणीतून घेतला जातो.

दोष कुठे आहे हे उड्डाणाआधी, पंखे काढून, हातात धरूनही ओळखता येते. ड्रोन टॅगच्या वर एका जागी धरून कलवावा. काढलेली आडवी स्थिती स्थिर राहिली पाहिजे. सावकाश कलवतानाही ती सरकत असेल तर कॅमेरा उभ्या अक्षाभोवती फिरून बसला आहे, कोनाचे चिन्ह उलटे आहे किंवा भिंगाचे अंशांकन चुकले आहे. सावकाश कलवताना स्थिर आणि झटक्याने कलवताना सरकणारी असेल तर दोष विलंबाचा. कॅमेरा असा फिरून बसला असेल, तर उड्डाणातही लक्षण दिसते: थोडा फिरलेला असल्यास ड्रोन वळसे घेत टॅगकडे येतो, ९० अंशांनी फिरलेला असल्यास घिरट्या घालतो आणि १८० अंशांनी उलटा असल्यास टॅगपासून दूर पळतो.

जमिनीजवळ : खाली येताना अडचण उलटी होते, टॅग चित्रात मावेनासा होतो. वरच्या उदाहरणातील टॅग किनारीसह ५० सेंमीचा आहे. उभ्या दिशेला ४८०च पिक्सेल असल्याने सुमारे ५८ सेंमी उंचीखाली तो बरोबर मध्यभागी असला तरी पूर्ण दिसत नाही. थोडा बाजूला असला तर त्याआधीच हरवतो. यावर उपाय म्हणून मोठ्या टॅगसोबत छोटा टॅग ठेवतात. ८ सेंमीचा टॅग साधारण २ मीटरांपासून वाचता येतो आणि १२ सेंमी उंचीपर्यंत पूर्ण दिसतो. २ मीटर ते ६० सेंमी या पट्ट्यात दोन्ही टॅग दिसतात आणि तिथेच एकावरून दुसऱ्यावर जायचे असते. हा सामायिक पट्टा ठेवला नाही तर ड्रोन नेमका जमिनीलगत आंधळा होतो. छोटा टॅग मोठ्याच्या शेजारी ठेवल्यास दोन्हींच्या मध्यांतील अंतर हिशेबात धरावे लागते. `tagCustom48h12` या कुळात मधली जागा मोकळी सोडलेली असल्याने छोटा टॅग मोठ्याच्या पोटात बसतो आणि दोघांचा मध्य एकच राहतो.

शेवटच्या टप्प्यात टॅग दिसला नाही तरी उतरत राहावे, अशी सोय पीएक्स४ या दुसऱ्या उड्डाण-नियंत्रक प्रणालीत `PLD_FAPPR_ALT` या उंचीखाली असते. त्या उंचीच्या वर टॅग हरवला तर ड्रोन पुन्हा शोध घेतो. ही मर्यादा छोटा टॅग हरवण्याच्या उंचीपेक्षा किंचित वर असावी, अन्यथा ड्रोन जमिनीलगत येऊन पुनःपुन्हा वर चढत राहतो.

प्रकाश : चकचकीत प्लॅस्टिकच्या आवरणावर सूर्याचे प्रतिबिंब पडले की पांढरी-काळी घरे एक होतात, म्हणून मॅट पृष्ठभाग घ्यावा. दुपारी ड्रोनची स्वतःची सावली टॅगला अर्धी कापते. टॅग काही काळ दिसून ठरावीक उंचीवरच नाहीसा होत असेल तर आधी सावली तपासावी. प्रतिमेच्या उद्भासनाचा, म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश घेण्याचा, काळ १० मिलिसेकंद असला आणि ड्रोन सेकंदाला ३० अंश फिरत असला, तर चित्र सुमारे ३ पिक्सेल फासले जाते. १० मीटरांवर एक घर तेवढेच असते, म्हणून तिथे टॅग वाचता येत नाही. उद्भासन २ मिलिसेकंदांवर आणल्यास हा दोष जातो, पण संध्याकाळी चित्र अंधारे होते.

हलते फलक : वाहनावर किंवा जहाजाच्या डेकवर उतरताना टॅगचा वेगही अंदाजावा लागतो, त्यासाठी साधारणतः काल्मन गाळणी ही सदोष मोजमापांतून स्थिती व वेग अंदाजण्याची गणिती रीत वापरतात. अबू धाबीतील २०१७ च्या एमबीझेडआयआरसी या यंत्रमानवांच्या स्पर्धेत धावत्या वाहनावर उतरायचे होते. तिथले चिन्ह मात्र वर्तुळ व फुलीचे, संकेताशिवायचे होते. डेक स्वतः डोलत असेल तर त्याचा कल टॅगवरूनच काढावा लागतो. तो कामाचा निघण्यासाठी टॅग मोठा हवा, ड्रोन जवळ हवा आणि एकाऐवजी एकमेकांपासून दूर ठेवलेले अनेक टॅग हवेत.