माणूस रिकामा, काम पडून: आमची प्रणाली वाटप कसं ठरवते

आमची वाटप-प्रणाली वापरणाऱ्या सुपरवायझर मंडळींकडून दोन प्रश्न हमखास येतात. एक, “ज्याला काम आधीच दिलं होतं, त्याला प्रणालीने दुसरीकडे का हलवलं?” आणि दोन, “एवढी माणसं असताना हे एक काम रिकामं का दाखवतंय?” दोन्हींचं उत्तर एकाच पद्धतीत आहे. ती समजली की पत्रक वाचणं सोपं जातं आणि प्रणालीशी भांडायचं कधी, हेही कळतं.

आधी टिकांचा तक्ता

तुम्ही आम्हाला देता तो तक्ता अगदी साधा असतो: एका बाजूला माणसं, दुसऱ्या बाजूला कामं, आणि ज्याला जे काम येतं तिथे टिक. गणितात याला बायपार्टाइट ग्राफ म्हणतात. दोन गट असतात आणि रेघा फक्त या गटातून त्या गटात जातात. एका माणसाला एक काम आणि एका कामाला एक माणूस, या अटीवर जास्तीत जास्त जोड्या लावायच्या. सगळी कसरत एवढ्यासाठीच.

पाच माणसांचं आणि पाच कामांचं उदाहरण घेऊ. माणसांना अक्षरं देतो.

क – लेथ, वायरिंग, वेल्डिंग
ख – लेथ
ग – वेल्डिंग, रंगकाम
घ – रंगकाम, पॅकिंग
च – वायरिंग

वरून खाली वाटत गेलं तर क लेथवर बसतो. ख ला फक्त लेथ येतं आणि ते तर गेलं, म्हणून तो रिकामा. ग वेल्डिंगला, घ रंगकामाला, च वायरिंगला. चार जोड्या लागल्या, ख हात बांधून उभा आणि पॅकिंगला कोणी नाही. बहुतेक ठिकाणी वाटप इथेच थांबतं, कारण उरलेल्या माणसाला उरलेलं काम येत नाही. पाहणाऱ्याला वाटतं की आता इलाज नाही.

साखळी कशी सापडते

इलाज आहे, पण तो ख आणि पॅकिंग यांच्यात थेट नाही. रिकाम्या ख पासून विचारत जायचं. ख ला काय येतं? लेथ. लेथ कोणाकडे आहे? क कडे. क ला लेथ सोडून दुसरं काही येतं का? हो, वायरिंग. ते च कडे आहे. च ला दुसरं काही येतं का? नाही. ही वाट बंद, एक पाऊल मागे. क ला आणखी काय येतं? वेल्डिंग. ते ग कडे. ग ला दुसरं? रंगकाम. ते घ कडे. घ ला दुसरं? पॅकिंग, आणि पॅकिंग मोकळं आहे!

आता ही वाट सरळ लिहून काढू: ख, लेथ, क, वेल्डिंग, ग, रंगकाम, घ, पॅकिंग. तिच्यात सात दुवे आहेत, आणि ते एकाआड एक आहेत: न लावलेली जोडी, लावलेली जोडी, पुन्हा न लावलेली. दोन्ही टोकं मोकळी असल्यामुळे न लावलेल्या चार आणि लावलेल्या तीन. आता सगळं उलटं करायचं. लावलेल्या तीन सोडायच्या, न लावलेल्या चार धरायच्या. ख लेथवर, क वेल्डिंगला, ग रंगकामाला, घ पॅकिंगला, आणि च जागचा हललाच नाही. चाराच्या पाच जोड्या झाल्या.

अशा वाटेला ऑगमेंटिंग पाथ म्हणतात. आमच्या पत्रकावर ती ‘साखळी’ या नावाने छापलेली असते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळतं: क, ग आणि घ यांना हलवलं ते त्यांच्या कामात काही खोट होती म्हणून नाही, ख ला जागा करायची होती म्हणून.

साखळी उलटवताना आधी ज्याला काम होतं तो कधीच बेकार होत नाही; त्याचं काम फक्त बदलतं. तसंच ज्या कामाला माणूस होता त्या कामाला माणूस राहतोच. म्हणून तुम्ही कामांना प्राधान्यक्रम दिलात, तर आम्ही त्याच क्रमाने एकेका कामापासून साखळी शोधतो. वरच्या क्रमाचं काम एकदा भरलं की खालच्या कामासाठी ते उघडं पडत नाही.

शोधताना एक शिस्त मात्र पाळावी लागते. एका शोधात एकदा विचारलेल्या कामावर खूण करायची आणि त्याच शोधात ते पुन्हा विचारायचं नाही. नाहीतर क ने ग ला विचारावं, ग ने क ला, आणि गाडी गोल गोल फिरत राहावी. पुढचा रिकामा माणूस घेतला की खुणा पुसून पुन्हा सुरुवात. या शिस्तीमुळे एका शोधात प्रत्येक टिक फार तर एकदाच पाहिली जाते, म्हणून दोनशे माणसांचा तक्ताही चुटकीसरशी सुटतो. फार मोठ्या तक्त्यांसाठी हॉपक्रॉफ्ट आणि कार्प यांची १९७३ची पद्धत आहे, ती एका फेरीत अनेक आखूड साखळ्या उलटवते. रोजच्या पाळीला तिची गरज पडत नाही.

साखळी सापडली नाही तर?

दुसरा प्रश्न. समजा ग ला रंगकाम येत नाही, त्याची फक्त वेल्डिंगची टिक आहे. बाकी तक्ता तोच. पुन्हा ख पासून निघू. लेथ, क कडे. क कडून वायरिंग, तिथे च, पुढे काही नाही. क कडून वेल्डिंग, तिथे ग, आता पुढे काही नाही. शोध संपला आणि मोकळं काम हाती लागलं नाही.

अशा वेळी प्रणालीने हात टेकले असं वाटतं, पण या अपयशी शोधातूनच पुरावा मिळतो. शोधात कोण कोण भेटलं ते पाहा: ख, क, च, ग अशी चार माणसं, आणि लेथ, वायरिंग, वेल्डिंग अशी तीन कामं. या चौघांना मिळून या तीन कामांपलीकडे काहीच येत नाही. चौघे आणि कामं तीन, म्हणजे एकजण उरणारच, वाटप देवाने केलं तरी! फिलिप हॉल यांनी १९३५ मध्ये नेमकी हीच अट मांडली: माणसांच्या प्रत्येक गटाला मिळून निदान तेवढी कामं येत असतील तरच सगळ्यांना काम लावता येतं.

पण समजा कुठेही साखळी उरली नाही. तरी दुसऱ्याच कुठल्या मांडणीतून एखादी जोडी जास्त निघणार नाही कशावरून? क्लोद बर्ज यांनी १९५७ मध्ये दाखवलं की निघत नाही. कारण असं: आपलं वाटप आणि ते ‘जास्तीचं’ वाटप एकावर एक ठेवा आणि दोन्हींत सारख्या असलेल्या जोड्या बाजूला काढा. प्रत्येकाला प्रत्येक वाटपात एकच जोडी, म्हणून उरतात त्या फक्त सुट्या माळा आणि बंद वळसे, ज्यांत दोन्ही वाटपांच्या जोड्या एकाआड एक येतात. वळशांत दोन्हीकडच्या जोड्या समसमान असतात. मग जास्तीची जोडी कुठल्यातरी माळेतच असणार, आणि त्या माळेची दोन्ही टोकं आपल्या वाटपात मोकळी असणार. म्हणजे ती साखळीच झाली, आणि साखळी तर एकही नाही.

पत्रकाच्या तळाशी ‘अडलेला गट’ म्हणून जी चौकट येते ती हाच पुरावा आहे. ती वाचून मगच प्रशिक्षण ठरवा. आमच्या उदाहरणात ख ला वेल्डिंग शिकवलं तर उपयोग शून्य, कारण चौघे अजूनही त्याच तीन कामांत अडकलेले. घ ला लेथ शिकवूनही तेच, कारण तो गटाबाहेरचा आहे आणि त्याच्याकडे काम आहेच. पण त्या चौघांपैकी कोणालाही रंगकाम किंवा पॅकिंग यांपैकी एक शिकवा, लगेच पाच जोड्या लागतात. उदाहरणार्थ च ला रंगकाम शिकवलं तर ख लेथवर, क वायरिंगला, च रंगकामाला आणि घ पॅकिंगला जातो. गंमत म्हणजे पॅकिंग रिकामं पडलं होतं आणि ते शिकवावंच लागलं नाही.

जे ही पद्धत करत नाही

ती फक्त जोड्या मोजते. कोणाचा हात जास्त चांगला, कोणाची मजुरी जास्त, हे तिला दिसत नाही. तिच्या दृष्टीने टिक म्हणजे टिक. खर्चाचा हिशेब हवा असेल तर तो वेगळा प्रश्न आहे. त्यासाठी १९५५ची कून यांची हंगेरियन पद्धत आहे आणि आमच्याकडे तो पर्याय वेगळा निवडावा लागतो.

एका कामाला दोन माणसं लागत असतील तर ते काम तक्त्यात दोनदा लिहा. मात्र प्रणालीला त्या दोन ओळींचं नातं माहीत नसतं. दोनपैकी एकच जागा भरली आणि दुसरी उघडी राहिली असं होऊ शकतं. ‘दोघं नाहीतर कोणीच नको’ ही अट या पद्धतीत बसत नाही, ती नजरेनेच तपासावी लागते.

टिका लावताना

आमच्या अनुभवात वाटप बिघडतं ते जवळजवळ नेहमी टिकांमुळे. खोटी टिक जास्त घातक. वरच्या साखळीत ग ची रंगकामाची टिक ‘मदतीला असतो’ एवढ्याच अर्थाने लावलेली निघाली, तर फक्त ग अडकत नाही. साखळी मागे फिरवली तर तो वेल्डिंगला परत जातो, मग क लेथवर परत, ख पुन्हा रिकामा आणि घ ला पॅकिंग सोडून रंगकामाला यावं लागतं. एका टिकेपायी चौघांची पळापळ. म्हणून पत्रकावर साखळीत हललेल्यांची नावं ठळक छापतो. पाळी सुरू होण्याआधी निदान तेवढ्यांना विचारून घ्या.

राहून गेलेली टिक तेवढा गोंधळ घालत नाही, पण ती दिसत नाही. ‘येतं त्याला, पण आम्ही देत नाही’ म्हणून टिक टाळली की अडलेला गट कागदोपत्री तयार होतो आणि तुम्ही नसलेल्या अडचणीवर प्रशिक्षणाचा खर्च करता. द्यायचं नसेल तर न देण्याचं कारण शेऱ्यात लिहा.

मध्येच कोणी गेलं तर

पूर्ण वाटप नव्याने करू नका. गेलेल्या माणसाची ओळ बंद करा आणि त्याच्या उघड्या पडलेल्या कामापासून एकच शोध चालवा. आधीचं वाटप जास्तीत जास्त जोड्यांचं असेल, तर नवी साखळी निघालीच तर ती याच कामापासून निघते. दुसरीकडे शोधायची गरज नाही. आम्ही सगळ्यात आखूड साखळी निवडतो, म्हणजे कमीत कमी माणसं जागची हलतात.

जी कामं मध्येच सोडता येत नाहीत त्यांना आधी कुलूप लावा. कुलूपबंद जोडीतून साखळी जात नाही. पण सरसकट सगळ्यांना कुलूप लावलंत तर साखळीला जायला जागाच उरत नाही आणि काम उघडं राहतं. तेव्हा पत्रकावर अडलेल्या गटाऐवजी ‘कुलपामुळे’ असा शेरा येतो. तो दिसला की शेऱ्यात दिलेल्या जोडीचं कुलूप काढून शोध पुन्हा चालवा.