रेन्कोची वीट: ठरावीक आकड्यापासून टक्क्यांपर्यंत

रेन्को चार्ट मूळचा जपानी. इंग्रजी वाचणाऱ्या ट्रेडरना त्याची नीट ओळख झाली ती स्टीव्ह निसन यांच्या 1994 च्या ‘बियॉन्ड कँडलस्टिक्स’ या पुस्तकातून. काळाला चार्टवरून हाकलण्याची कल्पना अमेरिकेतही जुनीच होती, पॉइंट अँड फिगर चार्ट त्याच जातीचे. रेन्कोचा नियम मात्र त्याहून सुटसुटीत आहे. भाव ठरलेल्या अंतराइतका हलला की एक वीट काढायची, नाही हलला तर काहीच काढायचं नाही, मग तास जावो की आठवडा.

समजा वीट 500 डॉलरची आहे आणि शेवटची वीट 29,500 ते 30,000 अशी वर गेलेली आहे. पुढची वरची वीट 30,500 ला भाव बंद झाल्यावरच येईल. खालची वीट मात्र 29,500 ला येत नाही. त्यासाठी भावाला 29,000 पर्यंत उतरावं लागतं, म्हणजे शेवटच्या टोकापासून दोन विटा. आता भाव 30,480 ला गेला आणि तिथून 29,050 ला आला, तर कँडलस्टिक चार्टवर चौदाशे डॉलरचा धुमाकूळ दिसेल आणि रेन्कोवर एक रेघही उमटणार नाही. क्रिप्टो कॉइनच्या बाजारात हा चार्ट लोकप्रिय झाला तो यामुळेच. तिथे सुट्टी नाही, घंटा नाही, आणि अर्ध्या रात्रीच्या पातळ व्यवहारातही कँडल पडतच राहतात.

जुन्या पद्धतीत विटेचा आकार म्हणजे एक ठरावीक रक्कम. शेअरचा भाव वर्षभर एका पट्ट्यात फिरतो तोवर हे चालून जातं. बिटकॉइनने ते मोडीत काढलं. 2017 च्या सुरुवातीला भाव हजार डॉलरच्या आसपास होता, तेव्हा 100 डॉलरची वीट म्हणजे 10 टक्के. 2021 मध्ये भाव 60,000 च्या वर गेला, तेव्हा तीच वीट 0.17 टक्क्यांहूनही लहान. एकाच चार्टवर डावीकडे जवळपास काही नाही आणि उजवीकडे विटांचं जंगल, ज्यात गोंगाट गाळला जाण्याऐवजी जसाच्या तसा उतरतो.

त्यावर उतारा म्हणून आला एटीआर, म्हणजे भावाच्या सरासरी चढउताराचं माप. जे. वेल्स वाइल्डर यांनी ते 1978 मध्ये मांडलं होतं, कमोडिटी वायद्यांच्या संदर्भात, आणि 14 कालखंडांची त्यांची सवय आजही सॉफ्टवेअरमध्ये तशीच दिसते. बाजार जितका हलतो तितकी वीट मोठी, ही कल्पना चांगलीच आहे. घोटाळा अंमलबजावणीत आहे. बहुतेक ठिकाणी एटीआरची आजची किंमत घेऊन संपूर्ण जुना चार्ट त्याच विटेने रचला जातो. उद्या एटीआर बदलला की इतिहासही बदलतो. आज चार्टचं चित्र जपून ठेवा आणि काही दिवसांनी ताडून पाहा, मधल्या विटा हललेल्या सापडतील. अशा चार्टवर जुने संकेत सुरेख दिसतात, पण त्या वेळी ते तसे दिसलेच नव्हते.

काळ खरोखर हटला, हाही थोडा भ्रमच. वीट क्लोजिंग भावावर काढली जाते, आणि क्लोजिंग एक मिनिटाचं की दिवसाचं, हे कुणीतरी आधी ठरवलेलं असतं. 12 मार्च 2020 रोजी बिटकॉइन सुमारे 7,900 वरून घसरून यूटीसी दिवसाअखेर 5,000 च्या खाली बंद झाला. आधीची वीट वर जाणारी होती आणि 8,000 ला संपली होती असं धरलं, तर दैनिक क्लोजिंगच्या चार्टवर 500 च्या पाच विटा एका दमात पडतात. जुन्या भावांवर नियम चालवून पाहणारा बॅकटेस्ट म्हणतो 7,000 ला बाहेर पडलो. प्रत्यक्षात ती वीट दिसली तेव्हा भाव 5,000 च्या खाली होता.

म्हणून कॉइनसाठी मला टक्क्यांची वीट जास्त प्रामाणिक वाटते. ती भावाबरोबर वाढते आणि मागचं काही पुसत नाही. किती टक्के, हे ठरवायला दोन विटांचा तो नियमच कामाला येतो. तळापासून दोन विटा वर गेल्याशिवाय खरेदीचा संकेत नाही, शिखरापासून दोन विटा खाली आल्याशिवाय विक्रीचा नाही. म्हणजे प्रत्येक लाटेतल्या चार विटा आपल्या नाहीतच. 2 टक्क्यांची वीट घेतली तर 8 टक्क्यांच्या लाटेत हाती जवळजवळ शून्य उरतं, आणि वर एक्स्चेंजची दोन्ही बाजूंची फी. ज्या लाटा पकडायच्या आहेत त्या साधारण 20 टक्क्यांच्या असतील, तर वीट 5 टक्क्यांच्या बरीच आत हवी. 2 टक्क्यांच्या विटेने त्यातले ढोबळमानाने 12 टक्के मिळू शकतात. पण त्याच कॉइनचा रोजचा निरर्थक हेलकावा 4 टक्क्यांचा असेल, तर दोन विटांचा उंबरठा तो रोज ओलांडणार आणि रंग रोज पालटणार. मग वीट 3 टक्क्यांवर न्यावी लागते, आणि त्या 20 टक्क्यांतले हाती येणारे 8 पुरेसे आहेत का, हे फी वजा करून बघावं लागतं.