हवालदारालाही माउली का म्हणतात?

वारीत दिवेघाटाच्या पायथ्याशी एक आजी चांगल्या मिशीवाल्या हवालदाराला म्हणाल्या, "माउली, पाण्याचा टँकर कुठं उभाय?" आणि त्यानंही लगेच हात करून दाखवलं, "तिकडं पुढं, माउली." दोघांनाही त्यात काही वेगळं वाटलं नाही. मला मात्र तेव्हापासून हा शब्द सोडेना.

शब्द तसा साधा आहे. संस्कृत 'मातृ' मधला त प्राकृतात बोलता बोलता गळाला, ऋ चा उ झाला आणि उरलं 'माउ'. भ्रातृचा भाऊ झाला तो अगदी ह्याच वाटेनं. पुढे लागला लाडाचा 'ली', जो आपण सानुली, छकुली म्हणताना लावतो तोच. म्हणजे माउली म्हणजे मायेनं उच्चारलेली आई. (बरेच जण माऊली टाइप करतात, पण शेवटचं अक्षर दीर्घ असल्यामुळे आधीचा उ ऱ्हस्व, म्हणून माउली.)

आता गंमत बघा, घरात आपण आईला हाक मारताना "ए माउली, चहा दे" म्हणत नाही, तिथं आईच. पण शेजारची बाई आजारी पोराजवळ रात्रभर जागली की आपसूक तोंडात येतं, "ती माउली डोळ्याला डोळा लावून झोपली नाही हो." म्हणजे आई हे नातं झालं, आणि माउली म्हणताना आपण त्या नात्यातली माया बघत असतो, मग ती कुणाची का आई असेना. माझ्या मते शब्द संतांकडे गेला तो इथूनच, कारण माया दिसली की पुरे, जन्म दिलेला असायलाच पाहिजे असं नाही.

तुकोबांनी ती माया नेमकी सांगितलीय, "लेंकराचें हित वाहे माउलीचें चित्त" आणि पुढे "करी लाभावीण प्रीती". लाभावीण, म्हणजे बदल्यात काही नको. ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये गीतेचा अर्थ संस्कृतात न ठेवता लोकांच्या मराठीत सांगितला, न मागता लेकराच्या तोंडात घास द्यावा तसा, म्हणून वारकऱ्यांसाठी ते ज्ञानोबा माउली. विठोबाचंही तेच, जनाबाई त्याला सरळ विठाबाई म्हणून हाक मारते.

व्याकरणात हे फार छान दिसतं. आईबद्दल बोलताना "माउली निघाली", पण आळंदीहून पालखी हलली की "माउली निघाले". शब्द स्त्रीलिंगी, क्रियापद पुल्लिंगी आदरार्थी, आणि बोलणाऱ्याला कुठंही खटकत नाही. बाई-पुरुष हा हिशोब क्रियापद सांभाळतं, शब्द फक्त माया सांगतो.

आणि वारकरी पंढरपूरला माहेर म्हणतात ना, तो माहेर शब्दही मातृगृहावरूनच आलाय, आईचं घर.