बीपीचा वरचा आकडा आणि खालचा आकडा: साठीनंतर बघायचा कुठला?

डॉक्टरांनी बीपी घेतलं, कागदावर 164/72 लिहिलं आणि म्हणाले, ‘वरचं वाढलंय.’ तुम्ही बाहेर येऊन बाकावर बसता न बसता तोच शेजारचं कुणीतरी विचारतं, ‘खालचं किती? बहात्तर? मग काही काळजी करू नका. वरचं वयाप्रमाणे वाढतंच.’ मी बावीस वर्षं ओपीडीत बीपी घेते आहे आणि हे वाक्य ऐकलं नाही असा आठवडा जात नाही. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ऐकणारा गोळ्यांची चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवतो आणि ती तिथेच राहते.

बीपी म्हणजे रक्ताचा रक्तवाहिनीच्या भिंतीवरचा दाब, हे तुम्हाला ठाऊकच आहे. हा दाब एका जागी थांबत नाही, प्रत्येक ठोक्याला चढतो आणि उतरतो. हृदय आवळलं की रक्ताचा लोंढा बाहेर पडतो आणि दाब शिखरावर जातो. तो सिस्टॉलिक, म्हणजे वरचा आकडा. मग हृदय सैलावतं, पुढच्या ठोक्यासाठी भरून घेतं आणि तेवढ्यात दाब उतरत जातो. पुढचा ठोका पडायच्या अगदी आधी तो जिथे पोचलेला असतो तो डायस्टॉलिक, म्हणजे खालचा. मधली तिरपी रेघ भागाकाराची नाही, दोन आकडे वेगळे ठेवायला काढलेली ती नुसती रेघ आहे. आणि ‘वरचं टेन्शनचं, खालचं किडनीचं’ असली वाटणी कुठल्याही शरीरात नसते. दोन्ही आकडे एकाच नळीतल्या एकाच दाबाचे आहेत, फक्त क्षण वेगळे.

एक घोटाळा मात्र इथेच निस्तरते, कारण त्याने खरंच नुकसान होतं. ‘खालचं बीपी’ आणि ‘लो बीपी’ एक नाही. डॉक्टर ‘खालचं वाढलंय’ म्हणाले म्हणजे खालचा आकडा 90 च्या वर गेला, म्हणजे बीपी जास्तच आहे. हे ऐकून ‘लो झालंय’ असं समजून घरी जाऊन मीठ-साखरेचं पाणी पिणारी माणसं मी पाहिली आहेत.

आता मूळ मुद्दा. खालचा आकडा चांगला आहे म्हणजे बीपी चांगलं आहे, हे लोकांना इतकं पटतं कशामुळे? वाटतं असं की खालचा आकडा म्हणजे विश्रांतीतला, म्हणून खरा. वरचा काय, जिना चढलो, कुणाशी वाद झाला, डॉक्टरांचा पांढरा कोट दिसला की वाढतो. तिशी-पस्तिशीच्या माणसाबाबत खालच्या आकड्याला दिलेलं महत्त्व अगदीच चुकीचं नाही. साठीच्या माणसाबाबत ते उलटं पडतं. का पडतं, ते समजायला हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीकडे, महाधमनीकडे, नीट बघावं लागतं.

पेटी वाजवताना पाहिली असेल. हात बाहेरचा भाता थांबून थांबून दाबतो, तरी सूर तुटत नाही. कारण आत स्प्रिंगवर बसलेला दुसरा भाता असतो. बाहेरून आलेली हवा तो फुगून साठवतो आणि हात मागे जातो तेवढ्या वेळात ती हळूहळू सोडत राहतो. महाधमनी हेच काम करते. हृदय आवळलं की ती फुगते आणि लोंढ्याचा काही भाग पोटात घेते, त्यामुळे शिखर फार उंच जात नाही. हृदय सैलावलं की ती आवळून ते साठवलेलं रक्त पुढे ढकलते, त्यामुळे दाब फार खाली पडत नाही. म्हणजे तरुणपणी खालचा आकडा 75-80 वर टिकतो, तो या लवचिकपणाच्या जोरावर आणि पुढच्या बारीक रक्तवाहिन्या रक्ताला जो अडथळा करतात त्याच्या जोरावर.

वयाबरोबर महाधमनीची भिंत कडक होते. मग लोंढा आला की ती फुगत नाही आणि सगळा धक्का दाबातच जातो, म्हणून वरचा आकडा चढतो. आणि साठवलेलंच काही नसल्यामुळे हृदय सैलावल्यावर मागून ढकलायला कुणी उरत नाही, म्हणून खालचा आकडा उतरतो. एकच बिघाड एका आकड्याला वर नेतो आणि दुसऱ्याला खाली आणतो. साधारण पन्नाशीपर्यंत दोन्ही आकडे मिळून चढतात, त्यानंतर वरचा चढतच राहतो आणि खालचा उतरू लागतो. तेव्हा अडुसष्टाव्या वर्षी खालचा 72 दिसला तर ती खुशीची बातमी असेलच असं नाही. वरचा 164 असताना तो 72 बहुधा त्याच कडकपणाची दुसरी बाजू असतो. दोन आकड्यांतला फरक काढून बघा. 120/80 मध्ये तो 40 आहे, 164/72 मध्ये 92.

वरचा आकडा ‘शंभर अधिक वय’ एवढा असला तरी चालतो, हा हिशेबही इथेच मोडतो. वयाबरोबर वरचा आकडा बहुतेकांचा वाढतो, हे खरं. पण बहुतेकांचा वाढतो म्हणून तो निरुपद्रवी होत नाही. मोतीबिंदूही वयानेच होतो आणि आपण तो काढून घेतो. हे तपासून पाहिलेलं आहे. 1991 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात साठीपुढची 4,736 माणसं होती, सगळ्यांचा वरचा आकडा 160 किंवा जास्त आणि खालचा 90 च्या आत. म्हणजे बाकावर ज्यांना ‘काळजी नको’ सांगितलं जातं, नेमकी तीच माणसं. अर्ध्यांना बीपीची साधी, स्वस्त गोळी दिली, अर्ध्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. पाच वर्षांत औषध नसलेल्यांत शंभरातल्या आठांना पक्षाघाताचा झटका आला, औषध घेणाऱ्यांत पाचांना. शंभरातली ही तीन माणसं माझ्या दृष्टीने मोठा आकडा आहे. झटक्यानंतर घर कसं बदलतं ते मी जवळून पाहते.

माझ्या आईचंच सांगते. अडुसष्ट वर्षांची, रोज चालणारी, कसलाही त्रास नाही. दुसऱ्या एका दवाखान्यात तिचं बीपी 164/72 आलं आणि तिथेच तिला ‘वयाच्या मानाने ठीक’ असं सांगून परत पाठवलं. मी घरी मोजलं. आधी पाच मिनिटं खुर्चीत पाठ टेकून बसवलं, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, बोलणं बंद. पट्टा उघड्या दंडावर बांधला. स्वेटरच्या किंवा ब्लाउजच्या बाहीवरून पट्टा बांधलेला मला मुळीच खपत नाही. पट्टा फुगवून मनगटाची नाडी बंद केली, स्टेथोस्कोप कोपराच्या खोबणीत ठेवला आणि हवा हळूहळू सोडली. काटा 160 वर आला तेव्हा पहिली ‘टक्’ ऐकू आली: पट्ट्याखालून रक्ताची पहिली चूळ निसटली ती इथे, हा वरचा आकडा. मग टक्-टक् चालू राहिली, मंद झाली आणि 70 वर नाहीशी झाली: आता रक्त अडथळ्याशिवाय वाहतंय, हा खालचा. कानाने दोन्ही आकडे मोजण्याची ही पद्धत रशियन डॉक्टर कोरोतकॉव्ह यांनी 1905 साली मांडली. त्याच्या नऊ वर्षं आधी रिव्हा-रोची यांचा पट्टा आला होता, पण तेव्हा मनगटाची नाडी चाचपून मोजत, आणि तशी फक्त वरच्याची नोंद मिळे.

एका मोजणीवर मी काही ठरवत नाही. सात दिवस सकाळी आणि संध्याकाळी दोन-दोन वेळा मोजलं, पहिला दिवस सोडून दिला आणि बाकीच्यांची सरासरी काढली: 156/71. घरच्या मोजणीत 135/85 पासून पुढे जास्त धरतात, दवाखान्यात 140/90 पासून. आणि यात ‘आणि’ नाही, ‘किंवा’ आहे. दोन्हींतला कुठलाही एक ओलांडला की बीपी जास्त. आईचा खालचा कितीही शहाण्यासारखा वागला तरी वरचा पुरेसा होता.

गोळी सुरू करताना तिने विचारलं तो प्रश्न बरोबर होता: ‘खालचं आधीच 71, ते अजून उतरलं तर?’ फक्त वरचा आकडा उतरवणारी गोळी नसते, दोन्ही उतरतात. आणि हृदयाच्या स्नायूला स्वतःचं रक्त मुख्यतः तो सैलावलेला असतानाच मिळतं, तेव्हा खालचा आकडा फार उतरणं बरं नाही. साठच्या खाली जाऊ लागला की डॉक्टर जपून चालतात, विशेषतः हृदयविकार असेल तर. म्हणून सुरुवात कमी मात्रेने होते आणि उभं राहूनही बीपी बघतात. उठून उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर रात्री बाथरूमला जाताना पडायची भीती. ते आधी डॉक्टरांना सांगायचं, मनाने गोळी बंद करायची नाही.

उलटा प्रकारही असतो. माझा अडतीस वर्षांचा चुलतभाऊ, 134/96. तो म्हणाला, ‘वरचं तर एकशेचाळीसच्या आत आहे.’ त्याची महाधमनी अजून लवचिक आहे, पण पुढच्या बारीक वाहिन्या आवळलेल्या आहेत, म्हणून दोन ठोक्यांच्या मधेही दाब उतरत नाही. त्याच्या वयात खालचा आकडा असा वर राहिला तर तो आधी बघायचा. त्याला डॉक्टरांनी वजन, दारू आणि घोरणं या तिन्हींबद्दल विचारलं, आणि ते योग्यच होतं.

दोन्ही प्रकारांत डोकं दुखणं, गरगरणं यावर विसंबू नका, कारण बहुतेकांना काहीच होत नाही. मात्र 180 किंवा 120 च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं, हातापायात बळ नसणं असं काही असेल, तर पुन्हा मोजत बसायचं नाही, थेट दवाखान्यात जायचं.

आणि फोनवर ‘बीपी दीडशे आहे’ एवढंच सांगू नका. मी लगेच विचारते, ‘खाली किती?’ आई आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात दोन्ही लिहिते, बसून एक जोडी, उभं राहून एक जोडी. गेल्या रविवारच्या चौकोनात आहे 136/68, त्याखाली 130/66.