‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे थोडा पाऊस नव्हे: सोलापूरच्या रेडिओवरच्या हवामान सल्ल्यामागची गोष्ट

रेडिओवर हवामान सांगायला जेमतेम दीड मिनिट मिळतं. कागदावर आकडे असतात आणि ऐकणाऱ्याला हवं असतं एवढंच, की आज रानात काय करायचं. या दोहोंतलं अंतर कमी व्हायला बरीच वर्षं लागली.

भारतीय हवामान खात्याने पुण्यात 1932 मध्ये कृषी हवामान विभाग सुरू केला. 1945 पासून शेतकऱ्यांसाठीचं हवामान वार्तापत्र आकाशवाणीवरून प्रादेशिक भाषांत जाऊ लागलं. त्यात हवामान होतं, सल्ला नव्हता. पाऊस येणार हे हवामानवाला सांगायचा, पण पेरणी थांबवावी का हे सांगणं त्याच्या कक्षेत नव्हतं. 1976 पासून राज्यांच्या कृषी विभागांना सोबत घेऊन हवामानावर आधारित सल्ला सुरू झाला. 2008 पासून तो जिल्ह्याच्या पातळीवर आला, आणि पाच दिवसांचे नेमके आकडे हाती पडू लागले. मात्र आकाशवाणीच्या जुन्या वार्तापत्राची भाषा आजही आपल्या तोंडी आहे. खरी अडचण तिथेच आहे.

‘तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता’ हे वाक्य घ्या. यातले दोन शब्द दोन वेगळी मापं आहेत. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या फार तर पाव, म्हणजे 25 टक्के पर्जन्यमापन केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत. ‘मुसळधार’ म्हणजे चोवीस तासांत 64.5 मिलिमीटर किंवा जास्त. पहिला शब्द पसारा सांगतो, दुसरा जोर. पण मंगळवेढ्याच्या रानात उभा असलेला माणूस ‘तुरळक’ ऐकतो आणि ‘थोडाफार’ समजतो. मीही सुरुवातीला हे वाक्य जसंच्या तसं वाचत असे. एकदा एका ओळखीच्या शेतकऱ्याने विचारलं, “तुरळक म्हणालात, मग माझा बांध कसा फुटला?” तेव्हापासून तो शब्द मी माइकवर वापरत नाही.

सोलापुरात ही चूक जास्त महागात पडते. इथला बराचसा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात, दुपारनंतर गडगडाटासह येतो. एका शिवारात ओढा भरतो आणि शेजारच्या गावात धूळ उडत असते. आपले लोक म्हणूनच उत्तरा-हस्ताकडे डोळे लावून बसतात.

समजा, सप्टेंबरच्या मध्यात मंगळवारी मंगळवेढा तालुक्याचे आकडे आले. पाऊस बुधवारी 0, गुरुवारी 2, शुक्रवारी 18, शनिवारी 26, रविवारी 5 मिलिमीटर. वारा गुरुवारी दुपारी ताशी 16 किलोमीटर. ढग बुधवारी आभाळाच्या आठपैकी तीन भागांत, शनिवारी सात.

आधी तारखा तपासायच्या. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा असतो. शनिवारी सकाळी मोजलेल्या पावसात शुक्रवारच्या संध्याकाळच्या सरी येतात. तक्त्यातली तारीख दिवस सुरू होण्याची आहे की संपण्याची, हे पाहिलं नाही तर अख्खा सल्ला एक दिवस घसरतो. इथे ती सुरू होण्याची आहे असं धरू.

मग 18 आणि 26 कडे पाहायचं. हा सगळ्या तालुक्याचा मिळून अंदाज आहे, तुमच्या वावराचा नव्हे. एका गावात 60 पडेल, दुसऱ्यात शून्य, आणि तरीही अंदाज चुकला असं म्हणता येणार नाही. गुरुवारचा 2 मी शिंतोडा धरतो आणि त्यावर कुणाला पेरणीला लावत नाही.

मग मजकूर असा लिहितो: “राम राम मंडळी. उद्या पाऊस नाही. डाळिंबावर फवारणी राहिली असेल तर उद्या सकाळी उरकून घ्या. परवा दुपारी वारा आहे, औषध उडून जाईल. ज्वारीच्या रानाला कुळवाची पाळी राहिली असेल तर तीही परवापर्यंत द्या, म्हणजे पडलेलं पाणी जमिनीत मुरेल. शुक्रवारी आणि शनिवारी दुपारनंतर विजांसह पाऊस आहे. सगळ्या गावांत पडणार नाही, पण जिथे पडेल तिथे जोराचा पडेल. वीज कडाडली की झाडाखाली थांबू नका. पेरणीची घाई नको. पाऊस झाला तर वापसा आल्यावरच तिफण धरा.”

आकडा एकही उच्चारला नाही, पण वाक्यागणिक एक आकडा आहे. ‘शक्यता’ हा शब्दही टाळला, कारण दहा टक्क्यांनाही तो लागतो आणि नव्वदलाही. त्याऐवजी खात्री कशाची आणि शंका कशाची, ते वेगळं सांगितलं: पाऊस येण्याची खात्री बरी आहे, गावाची नाही.

शुक्रवारी नवा अंदाज येतो. त्यात शनिवारचा आकडा 26 वरून 8 झाला असेल, तर पहिलं वाक्य त्याचंच असतं: “उद्या शनिवारी जोराचा पाऊस असं मंगळवारी सांगितलं होतं, तो आता कमी दिसतोय.”